सहा लाखांना चारने भागू नका

प्रश्न: माझं एकलहऱ्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मी आणि एक मदतनीस, एवढेच. २०२५ च्या गुढीपाडव्याला ठरवलं की या वर्षी घरी सहा लाख रुपये न्यायचे. सहा लाख भागिले चार म्हणून तिमाहीला दीड लाख, असं कागदावर लिहून दुकानात मीटरच्या वर चिकटवलं. एप्रिल ते जूनमध्ये खर्च वजा जाता १ लाख ९० हजार सुटले. खुशीत ६० हजारांची जुनी मोटारसायकल घेतली. जुलै ते सप्टेंबरमध्ये मात्र ३१ हजारच सुटले, आणि मी तो कागद फाडून टाकला. माझा मेहुणा इथल्या वीज केंद्रात कायम नोकरीला आहे. तो म्हणतो, धंद्यात कसली आलीत उद्दिष्टं. त्याचं खरं मानायचं का?
(एक वाचक, एकलहरे, ता. जि. नाशिक)

उत्तर: मेहुण्याचं त्याच्यापुरतं खरं आहे. ज्याचा पगार दर महिन्याला तोच येतो त्याने वर्षाला बाराने भागलं काय आणि चारने भागलं काय, आकडा चुकत नाही. तुम्ही त्याचाच भागाकार उचलून एका हंगामी धंद्याला लावला. उद्दिष्ट ठेवणं चुकलं नाही, भागाकार चुकला.

उत्तर लिहिण्याआधी मी तुमच्याकडून मागच्या तीन वर्षांची बिलबुकं आणि उधारीची वही मागवून घेतली होती. ती तुम्ही लगेच पाठवलीत, म्हणून हे उत्तर नेमकं देता येतं. एरवी ‘धीर सोडू नका’ एवढंच लिहावं लागलं असतं, आणि त्याचा तुम्हाला काही उपयोग नव्हता.

आधी घरी नेण्याची रक्कम आणि गल्ल्यात येणारी रक्कम वेगळी करू. तीन वर्षांची सरासरी काढली तर तुम्ही वर्षाला ३०० मोटारी भरता आणि एका मोटारीचं बिल सरासरी ४,५०० रुपये होतं. म्हणजे बिलं साडेतेरा लाखांची. त्यातले निम्मे, मोटारीमागे २,२५० रुपये, तांब्याची तार, इन्सुलेशन पेपर, वॉर्निश, बेअरिंग आणि बुश यांत जातात. उरलेल्या २,२५० ला आपण मजुरी म्हणू. ३०० मोटारींची मजुरी ६ लाख ७५ हजार. त्यातून मदतनिसाचा पगार, दुकानाचं भाडं, वीज आणि ने-आण असे वर्षाचे २ लाख ४० हजार गेले की घरी जातात ४ लाख ३५ हजार. पत्रात तुम्ही ‘साडेचार-पाच लाख सुटत असतील’ असं लिहिलं आहे. तसं अंदाजाने धरलं की सहा लाख जवळ वाटतात. खरं अंतर १ लाख ६५ हजारांचं आहे.

सहा लाख घरी न्यायचे तर दुकानाचा २ लाख ४० हजारांचा खर्च धरून मजुरी ८ लाख ४० हजारांची व्हायला हवी. तिमाह्यांमध्ये वाटायचा आकडा हा, सहा लाखांचा नव्हे. कारण भाडं आणि मदतनिसाचा पगार बाराही महिने सारखा जातो, मोटारी मात्र सारख्या येत नाहीत.

त्या कशा येतात हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता, फक्त कागदावर कधी मांडलं नव्हतं. एप्रिल ते जूनमध्ये विहिरी खाली जातात, पंप कोरडा ओढतो, दाब कमी पडतो, एखादा फेज जातो आणि मोटार जळते. (वीज केंद्राच्या धुराड्यांच्या सावलीत कमी दाबाने मोटारी जळाव्यात ही एकलहऱ्याची गंमत बाहेरच्यांना पटत नाही.) जुलै ते सप्टेंबरमध्ये पाऊस पाणी देतो आणि मोटारी विश्रांती घेतात. ऑक्टोबरपासून कांद्याची रोपं, गहू, छाटणी झालेल्या द्राक्षबागा यांना पाणी सुरू होतं आणि मार्चपर्यंत काम चढत जातं. तुमच्या तीन वह्यांत सरासरी ३०० पैकी १०८ मोटारी एप्रिल-जूनमध्ये, ३६ जुलै-सप्टेंबरमध्ये, ७२ ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये आणि ८४ जानेवारी-मार्चमध्ये आल्या आहेत. टक्क्यांत ३६, १२, २४ आणि २८.

आता ८ लाख ४० हजार याच प्रमाणात वाटू आणि प्रत्येक तिमाहीतून दुकानाचा ठरलेला ६० हजारांचा खर्च काढू. पहिल्या तिमाहीत घरी जायला हवेत २ लाख ४२ हजार, दुसरीत ४१ हजार, तिसरीत १ लाख ४२ हजार आणि चौथीत १ लाख ७५ हजार. बेरीज सहा लाख.

हे आकडे तुमच्या पत्राशेजारी ठेवून बघा. जूनअखेर तुम्ही मोटारसायकल घेतलीत तेव्हा उद्दिष्टाच्या ५२ हजार मागे होतात. सप्टेंबरअखेर कागद फाडलात तेव्हा त्या तिमाहीत फक्त १० हजार कमी पडले होते. शिवाय त्या तिमाहीत तुम्हाला दरवर्षी सरासरी २१ हजार सुटतात, यंदा ३१ हजार सुटले. म्हणजे चिंता करायच्या वेळी आनंद झाला आणि ज्या तिमाहीत खरोखर सुधारणा दिसली तिच्यात निराशा आली. दीड-दीड लाखांच्या कागदाने हे नुकसान केलं. सहा लाख मोठे होते की लहान, हा प्रश्न तिथपर्यंत आलाच नव्हता.

मोटारसायकलीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तुमचा घरखर्च महिन्याला ३० हजार, म्हणजे पावसाळ्याच्या तिमाहीत ९० हजार. त्या तिमाहीचं उद्दिष्ट अगदी पूर्ण झालं तरी ४१ हजारच येणार. उरलेले ४९ हजार एप्रिल-जूनच्या कमाईतून बाजूला असायला हवेत. जूनअखेर हातात दिसणारे पैसे शिल्लक नव्हते, ते श्रावण-भाद्रपदाचा किराणा होते. पुढच्या वर्षापासून जूनच्या शेवटच्या आठवड्यात ५० हजार वेगळ्या बचत खात्यात टाका आणि महिन्याला १६-१७ हजार असे तीन महिने काढा. ते खातं यूपीआयला जोडू नका.

आता ते १ लाख ६५ हजार कुठून आणायचे ते पाहू. तुम्ही पत्रात ‘जास्त मोटारी भरीन’ असं लिहिलंत. जुन्या दराने हिशेब केला तर ७३ मोटारी जास्त लागतात. पण तुमचा ४,५०० चा दर तीन वर्षांत हललेला नाही, हे तुमच्याच बिलबुकांत आहे. तो ४,८०० केला आणि माल तेवढ्यालाच पडला तर मजुरी मोटारीमागे २,५५० होते. त्याच ३०० मोटारींत ९० हजार जास्त सुटतात. उरलेल्या ७५ हजारांसाठी मग फक्त ३० मोटारी जास्त लागतात. ७३ आणि ३० यांत केवढा फरक आहे ते तुमच्या पाठीला विचारा.

त्या ३० मोटारी शेतातून आणायच्या म्हटलं तर त्या पुन्हा उन्हाळ्यातच येतील, आणि तेव्हा तुमचे हात आधीच भरलेले असतात. नाशिकरोडच्या गृहसंस्थांचे पाण्याचे पंप, पिठाच्या गिरण्या, शाळांचे आणि मंगल कार्यालयांचे पंप यांना ऋतू नसतो. पावसाळ्यात त्यांच्याकडे जायला तुम्हाला वेळही असतो. वीज केंद्रातसुद्धा संच वार्षिक दुरुस्तीला काढायचा तर मागणी कमी असते तेव्हा काढतात. तुमचीही जुलै-सप्टेंबर ही तिमाही कमाईची धरू नका. ती गिऱ्हाईक जोडायची, दर ठरवायची आणि उधारी गोळा करायची आहे. तिचं उद्दिष्ट रुपयांत लिहिण्यापेक्षा ‘दहा गृहसंस्थांना भेटी’ असं लिहिलं तर जास्त उपयोगी पडेल.

आता उधारी. तुम्ही पाठवलेले १ लाख ९० हजार आणि ३१ हजार हे दोन्ही आकडे बिलांवरून काढलेले आहेत. उधारीच्या वहीत ३१ मार्चला ५२ हजार येणं होतं, ३० सप्टेंबरला ८८ हजार झालं. सहा महिन्यांत ३६ हजारांची उधारी वाढली. म्हणजे २ लाख २१ हजार ‘सुटले’ असं बिलं सांगतात, पण हातात आले १ लाख ८५ हजार.

याचं कारण दुकानात नाही, चाळीत आहे. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, चाळीत जातो आणि भाव बघून ऑक्टोबरपर्यंत थोडाथोडा विकला जातो. मे महिन्यात मोटार भरून नेणारा शेतकरी ‘कांदा विकला की देतो’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही. पण यंदा कांद्याचा भाव पडलेला आहे, म्हणून त्याचा शब्द आणि तुमचं बिल दोन्ही लांबले. पीक वाळताना समोर दिसत असेल तर पैसे आल्याशिवाय मोटार देणार नाही, असं म्हणणं गावात जमत नाही, आणि म्हणूही नये. ‘तांब्याचे पैसे आधी, मजुरी कांद्यावर’ असं मात्र म्हणता येतं. तार तुम्हाला नाशिकमध्ये रोखीने घ्यावी लागते हे शेतकऱ्यालाही माहीत असतं. मालाचे २,२५० आधी आले तर थकली तरी तुमची मेहनत थकेल, खिशातलं भांडवल थकणार नाही.

म्हणून पडताळणीत दोन ओळी ठेवा: काम किती झालं आणि पैसे किती आले. पहिली ओळ उद्दिष्टाशी ताडून बघायची, घरखर्च दुसरीवरून ठरवायचा. काम वाढतंय आणि पैसे तेवढेच येत आहेत असं सलग दोन महिने दिसलं, तर तुमचा धंदा वाढत नाही, तुम्ही गावाला बिनव्याजी कर्ज देताय.

पडताळणीची सवय कशी लावायची, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण कागद फाटला तो तीच नव्हती म्हणून. तिमाहीतून एकदाच बघितलं की जे दिसतं ते एकदम अंगावर येतं. शनिवारी रात्री शटर ओढण्याआधी दहा मिनिटं काढा. शंभर पानी वहीत एका ओळीत चार आकडे लिहा: आठवड्यात आलेल्या मोटारी, भरून गेलेल्या मोटारी, आलेले पैसे, मालाला दिलेले पैसे. त्यावर काही विचार करायचा नाही. आठवड्याच्या आकड्यावर विचार करणारा माणूस चौथ्या शनिवारी वही बंद करतो, हे मी बऱ्याच गिऱ्हाइकांत पाहिलं आहे.

विचार करायचा तो तिमाही संपल्यावर पहिल्या रविवारी, घरातल्या माणसाला सोबत बसवून. दोन तास पुरतात. तेव्हा चालू तिमाहीची तुलना मागच्या तिमाहीशी करायची नाही, कारण तुमच्या धंद्यात ती तुलना जूनच्या विहिरीची ऑगस्टच्या विहिरीशी केल्यासारखी आहे. मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी आणि ठरवलेल्या आकड्याशी तुलना करा. फरक दिसला तर त्याचं कारण चारांपैकी एक असतं: पाऊस, दर, उधारी किंवा हात कमी पडणे. जे असेल ते एका शब्दात लिहा. पावसाला दर वाढवून उत्तर देता येत नाही आणि दराच्या चुकीला जास्त मोटारी भरून देऊ नये.

यंदाचंच बघा. २०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि २६ मेला मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला, आजवरच्या नोंदींत सगळ्यात लवकर. तुमचा सगळ्यात कमाईचा महिना त्यात वाहून गेला. तरीही एप्रिल-जूनमध्ये १ लाख ९० हजार सुटले, नेहमीच्या सरासरीपेक्षा सात हजार जास्त. त्या तिमाहीपुढे ‘पाऊस’ लिहायचं आणि पुढे जायचं. याच्या उलट २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनच्या नोंदींत सगळ्यात कोरडा गेला. त्या वर्षीच्या तुमच्या वहीत ऑगस्टमध्येच नेहमीच्या दुप्पट मोटारी आहेत. म्हणून प्रमाण काढताना तीन वर्षं घ्यावी लागतात. एका वर्षाच्या वहीवरून काढलं असतं तर तुम्ही दर ऑगस्टला दुष्काळाची वाट बघत बसला असतात.

याच बैठकीत तांब्याचा भावही बघायचा. मालाचा वाटा निम्म्यावरून ५५ टक्क्यांवर गेला तर ४,५०० च्या मोटारीमागे २२५ रुपये तुमच्या खिशातून जातात. ३०० मोटारींचे साडेसदुसष्ट हजार होतात, आणि ते कुठे गेले हे कोणत्याच बिलात दिसत नाही. जळालेल्या जुन्या तारेचंही तसंच. ती तुम्ही भंगारवाल्याला किलोवर देता आणि ते पैसे चहापाण्यात जातात. ती गिऱ्हाइकाची असेल तर बिलात वजा करा, तुमची असेल तर जमेत धरा. सध्या ती दोन्हीकडे नाही.

आता सप्टेंबरअखेरची तूट. सहा महिन्यांत २ लाख ८३ हजार हवे होते, झाले २ लाख २१ हजार. ६२ हजार कमी. इथे बहुतेक जण दोन चुकांपैकी एक करतात. एक तर सगळी तूट पुढच्या तिमाहीवर लादतात, नाही तर उद्दिष्ट सोडून देतात. तूटही हंगामाच्या प्रमाणातच वाटायची. नवा दर आजपासून लावला असं धरलं तर ६२ हजार म्हणजे २४ मोटारी. त्यांतल्या ११ ऑक्टोबर-डिसेंबरवर आणि १३ जानेवारी-मार्चवर. नव्या दराच्या हिशेबात या दोन तिमाह्यांसाठी ७९ आणि ९२ मोटारी ठरतातच, त्या आता ९० आणि १०५ होतात. दोघा माणसांना दिवसाला सव्वा ते दीड मोटार भरावी लागेल. एप्रिल-मेमध्ये तुम्ही याहून जास्त भरता, तेव्हा हात कमी पडणार नाहीत. मोटारी येतील का, हा प्रश्न राहतो. डिसेंबरअखेर ८० च्या आत राहिलात तर सहा लाख खोडून साडेपाच लाख लिहा आणि शेजारी तारीख आणि कारण घाला. खोडलेला आकडा वहीत दिसत राहू द्या. पुढच्या पाडव्याला तो लागणार आहे.

कराबद्दल तुम्ही शेवटी दोन ओळींत विचारलं आहे. नव्या कर पद्धतीत २०२५-२६ या आर्थिक वर्षात १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, म्हणून सहा लाखांवर आगाऊ कराची चिंता नाही. विवरणपत्र मात्र भरा, कर्ज काढताना लागतं. आगाऊ कराचा एक तपशील तुमच्या मेहुण्याला जरूर दाखवा. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत १०० टक्के असे ते हप्ते आहेत. सरकारसुद्धा वर्षाला चारने सारखं भागत नाही.

वर्ष एप्रिलपासूनच का धरायचं, असं कुणी विचारलं तर तुमच्या धंद्यापुरतं ते सोयीचं आहे एवढंच सांगेन. १९८९ पर्यंत व्यापाऱ्यांना हिशेबाचं वर्ष आपापलं निवडता येत होतं आणि पुष्कळांचं वर्ष दिवाळीपासून सुरू व्हायचं. पीक हातात येऊन पैसा फिरू लागला की वही नवी, असा त्यामागचा सरळ विचार होता. तुमच्याकडे कांद्याचे पैसे येऊन उधारी फिटते तीही दिवाळीच्याच सुमाराला. म्हणून उधारीची मोठी पडताळणी मार्चअखेर करू नका, दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी करा. ८८ हजारांतले ज्यांचे सहा महिन्यांहून जुने आहेत त्यांची नावं त्या दिवशी वेगळ्या पानावर काढा आणि त्यांच्याकडे स्वतः जा, मदतनिसाला पाठवू नका.

मीटरच्या वर आता नवा कागद लावाल तेव्हा त्यावर रुपये लिहू नका. दुकानात गिऱ्हाईक येतं, ते वाचतं, आणि ४,८०० म्हटल्यावर घासाघीस करतं. ‘डिसेंबरअखेर ९०’ एवढं पुरे.